बिबट्याने कुत्रा उचलून नेला, तर विम्याचे पैसे मिळतात का? नागभीडच्या अंगणातून समजून घ्या डॉग इन्शुरन्स

इन्स्टाग्रामवर कुत्र्यांचे व्हिडिओ बघत बसलं की चार-पाच रील्सनंतर एक जाहिरात येतेच. गोंडस गोल्डन रिट्रीव्हर, सोफ्यावर बसलेलं हसरं जोडपं आणि खाली ओळ, की तुमच्या लाडक्याचा विमा आजच काढा. ही जाहिरात पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये दिसते आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडमध्येही दिसते. फरक एवढाच, की नागभीडचा कुत्रा सोफ्यावर कमी आणि अंगणात जास्त असतो. आणि त्या अंगणापलीकडे धानाचे बांध आणि त्यापलीकडे ब्रह्मपुरी वनविभागाचं जंगल.

आता असा कुत्रा असलेल्या माणसाने विमा काढायचा का? जाहिरातीत जे दिसतं ते पॉलिसीत असतं का? आणि ज्या गोष्टीची इथे खरी भीती असते, त्याच गोष्टीला पॉलिसी लागू पडते का? बघूया.

सगळ्यात आधी एक गोंधळ दूर करायला हवा. आपल्याकडे जनावरांचा विमा म्हटलं, की लोकांच्या डोळ्यासमोर गाई-म्हशीचा विमा येतो. कानात बिल्ला मारायचा, हप्ता भरायचा, जनावर दगावलं की पंचनामा आणि शवविच्छेदन करून क्लेम करायचा. यात उपचाराचा खर्च कुणी देत नाही. जनावर मेलं तरच पैसे.

कुत्र्यांसाठी अशीच जुन्या पद्धतीची पॉलिसी सरकारी विमा कंपन्यांकडे बऱ्याच वर्षांपासून आहे. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्ससारख्या कंपन्यांच्या पॉलिसीत मुख्य गोष्ट कुत्र्याचा मृत्यू हीच आहे. कुत्र्याची बाजारातली किंमत ठरवायची, तेवढ्या रकमेचा विमा काढायचा आणि आजाराने किंवा अपघाताने कुत्रा गेला तर ती रक्कम मिळवायची. ही पॉलिसी विकत आणलेल्या जातिवंत कुत्र्यासाठी ठीक आहे. पण गावठी कुत्र्याची बाजारभावाने किंमत किती लावणार? ज्याच्यासाठी घरचे रात्रभर जागतात, त्या कुत्र्याची किंमत कागदावर शून्याच्या आसपास येते.

दुसरा प्रकार अलीकडचा. २०२० मध्ये बजाज अलियान्झने कुत्र्यांसाठी वेगळी पॉलिसी आणली, मग फ्युचर जनराली, एचडीएफसी अर्गो अशा कंपन्याही या बाजारात उतरल्या. यात उपचाराचा खर्च मिळतो, म्हणून लोक याला डॉगीचा मेडिक्लेम म्हणतात. मूळ कव्हर असतं ते ऑपरेशन आणि हॉस्पिटलमध्ये भरती होण्याच्या खर्चाचं. त्यावर जादा हप्ता भरून वेगवेगळी कव्हर जोडता येतात. कुत्र्याचा मृत्यू, कॅन्सरसारखा गंभीर आजार, कुत्रा चोरीला जाणं किंवा हरवणं, ओपीडीचा खर्च, आणि कुत्र्याने दुसऱ्या कुणाला इजा केली तर द्यावी लागणारी भरपाई. या नव्या पॉलिसींमध्ये गावठी आणि संकरित कुत्र्यांनाही जागा असते, ही जमेची बाजू.

नावात एक चकवा आहे, तो लक्षात ठेवायला हवा. मेडिक्लेम म्हटला तरी हा माणसांचा हेल्थ इन्शुरन्स नाही. माणसांच्या पॉलिसीत जुन्या आजाराची वाट किती वर्षं बघायला लावायची, किती वर्षांनंतर कंपनीला क्लेमवर शंका घेता येत नाही, याचे ठरलेले नियम आहेत. ते सगळे कुत्र्याच्या पॉलिसीलाही लागू होतील असं धरून चालू नका. इथे जे काही आहे ते पॉलिसीच्या कागदात लिहिलेलं.

आजार आला, पण भरती कुठे करणार?

नागभीडकडच्या कुत्र्यांना सगळ्यात जास्त छळणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे गोचीड. पावसाळा सुरू झाला, गवत वाढलं, की कानात, बोटांच्या मधे, गळ्यातल्या पट्ट्याखाली गोचीड दिसायला लागतात. त्यातून गोचीड ताप होतो. कुत्रा जेवण सोडतो, सुस्त पडतो, अंग गरम लागतं. रक्तातल्या प्लेटलेट्स कमी होतात, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. दुसऱ्या एका प्रकारच्या गोचीड तापात लघवी गडद, चहासारखी होते आणि डोळे पिवळे दिसतात. वेळेत पकडलं तर हा आजार बहुतेक वेळा गोळ्यांनी बरा होतो, फक्त त्या गोळ्या जवळपास महिनाभर न चुकता द्याव्या लागतात.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पण हिशोबाची पद्धत अशीच असते.

समजा, नागभीडमधल्या एका शिक्षकाच्या घरी तीन वर्षांचा लॅब्राडोर आहे. त्यांनी वर्षाला ५,००० रुपये हप्ता भरून ५०,००० रुपयांची पॉलिसी घेतली, त्यात फक्त मूळ कव्हर आहे आणि २० टक्के खर्च मालकाने सोसायचा अशी अट आहे. ऑगस्टमध्ये कुत्रा आजारी पडला. गावातल्या डॉक्टरांच्या तीन फेऱ्या, इंजेक्शनं आणि सलाईन मिळून २,४०० रुपये झाले. रक्ताच्या तपासण्यांचे १,८०० रुपये. तरीही नाकातून रक्त येणं थांबेना म्हणून गाडी करून भिवापूर, उमरेडमार्गे नागपूरला नेलं, गाडीचे ४,००० रुपये. नागपूरला तीन दिवस भरती, १४,००० रुपये. घरी आल्यावर पुढच्या गोळ्या आणि पुन्हा एकदा तपासणी, २,२०० रुपये. एकूण खर्च २४,४०० रुपये.

क्लेम केला. मूळ कव्हर भरतीचं, त्यामुळे कंपनीने विचारात घेतले फक्त नागपूरचे १४,०००. त्यातून खाणं, शाम्पू, हातमोजे असले १,००० रुपये वगळले. राहिले १३,०००. त्यातले २० टक्के मालकाचे. हातात आले १०,४०० रुपये. म्हणजे २४,४०० पैकी १४,००० रुपये खिशातून गेलेच. काही पॉलिसींत भरतीच्या आधीचा आणि नंतरचा काही दिवसांचा खर्चही धरतात, तसं असेल तर आकडा थोडा सुधारतो. पण गाडीभाडं बहुधा तुमचंच.

तरीही हप्त्याच्या दुप्पट रक्कम परत आली, म्हणजे सौदा वाईट नाही असं वाटेल. पण याच गोष्टीचा दुसरा शेवट बघा. समजा गावातल्या डॉक्टरांनी पहिल्याच फेरीत आजार ओळखला, गोळ्या सुरू केल्या आणि कुत्रा घरीच बरा झाला. जे आपल्याला हवंच असतं. मग खर्च झाला २,४०० अधिक १,८०० अधिक २,२००, म्हणजे ६,४०० रुपये. आणि विम्यातून मिळाले शून्य. कारण कुत्रा भरतीच झाला नाही.

नागभीडसारख्या ठिकाणी पॉलिसी अडते ती नेमकी इथे. भरती म्हणजे काय, याची व्याख्या कागदात असते आणि त्यात बहुधा किती तास दवाखान्यात राहिला पाहिजे हे लिहिलेलं असतं. तालुक्याच्या गावात कुत्र्याला रात्रभर ठेवून घेणारं हॉस्पिटल सहसा नसतं. सलाईन अंगणातल्या खाटेला बांधून दिलं जातं, संध्याकाळी डॉक्टर परत चक्कर मारून जातात. उपचार तोच, औषध तेच. पण पॉलिसीच्या भाषेत ही झाली ओपीडी. पॉलिसी शहरातली पेट हॉस्पिटल्स डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली आहे, ढोरांचा दवाखाना डोळ्यासमोर ठेवून नाही.

मग ओपीडीचं कव्हर जोडावं का? जोडता येतं, पण त्याची मर्यादा लहान असते आणि हप्ता वाढतो. कंपनीलाही माहीत असतं, की ओपीडीचा क्लेम येणारच आहे. त्यामुळे भरलेल्या जादा पैशांएवढेच पैसे फिरून परत येतात, तेही कागदं जमवल्यावर.

बिल कोणाचं आणि सही कोणाची

क्लेमसाठी लागतं डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन, त्यावर नोंदणी क्रमांक, तपासण्यांचे रिपोर्ट, पक्की बिलं, लसीकरणाचं कार्ड आणि कुत्र्याची ओळख पटेल असे फोटो. मायक्रोचिप असेल तर ओळखीचा प्रश्नच राहत नाही, आणि काही कंपन्या त्यासाठी हप्त्यात सूटही देतात.

यातली नोंदणी क्रमांकाची अट ग्रामीण भागात महत्त्वाची ठरते. आपल्याकडे पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या दोन श्रेणी आहेत. श्रेणी एकच्या दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतात. श्रेणी दोनचे दवाखाने बहुतांश पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक किंवा सहायक पशुधन विकास अधिकारी सांभाळतात. गावात अनेकदा पहिला फोन यांनाच जातो, आणि बऱ्याच कुत्र्यांचे जीव त्यांनी वाचवलेले असतात. पण १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणीकृत पशुवैद्यक म्हणजे पदवीधर आणि परिषदेकडे नाव असलेला डॉक्टर. पदविकाधारकांना त्यांच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येतात. विमा कंपनी सही बघते ती नोंदणीकृत डॉक्टरची. त्यामुळे विमा काढलेला असेल, तर पहिल्या एक-दोन दिवसांत पदवीधर डॉक्टरकडून तपासून केसपेपर करून घेतलेला बरा.

केसपेपरवर काय लिहिलं जातं, तेही बघायला हवं. डॉक्टर विचारतात, कधीपासून जेवत नाही? घरातलं कुणीतरी सहज सांगतं, झाले की पंधरा-वीस दिवस. डॉक्टर तसंच लिहितात. खरं तर कुत्रा चार दिवसांपासून आजारी असतो, त्याआधी फक्त उन्हाने कमी खात असतो. पण पॉलिसी नुकतीच घेतलेली असेल, तर त्या एका ओळीवरून आजार पॉलिसीच्या आधीचा ठरू शकतो. कारण प्रत्येक पॉलिसीत सुरुवातीचे काही दिवस प्रतीक्षा काळ असतो, त्यात झालेल्या आजाराचे पैसे मिळत नाहीत. खोटं सांगायचं नाही, पण आठवून नीट सांगायचं.

वगळलेल्या गोष्टींची यादी, आणि तिच्यातली सगळ्यात मोठी अट

काय मिळत नाही याची यादी लांबलचक असते. पॉलिसीच्या आधीचे आजार नाहीत. जन्मजात व्यंग बहुधा नाही. गाभण राहणं, पिल्लं होणं, त्यातले त्रास नाहीत. नसबंदी, शेपूट किंवा कान कापणं, दात साफ करणं, नखं, आंघोळ, ग्रूमिंग नाही. लस, जंताचं औषध, गोचीड मारण्याचं औषध नाही, कारण हा नेहमीचा खर्च धरला जातो. कुत्र्यांची झुंज लावली, शिकारीला नेलं, मुद्दाम उपाशी ठेवलं किंवा मारलं, तर काहीच नाही.

पण सगळ्यात जास्त क्लेम अडवू शकणारी अट साधी आहे. लस. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टोस्पायरोसिस, रेबीज हे लसीने टाळता येणारे आजार आहेत, आणि लस घेतलेली नसेल तर त्यांचा खर्च किंवा मृत्यूची रक्कम मिळत नाही. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे, तीन महिन्यांच्या आसपास रेबीजची लस आणि नंतर दरवर्षी बूस्टर. बूस्टरची तारीख दोन महिने उलटून गेली आणि नेमका तेव्हाच कुत्रा आजारी पडला, तर कंपनी कार्डावरची तारीख बघते. कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरची सही हवी. फक्त पेनाने लिहिलेली तारीख वादाला कारण ठरते.

जाता जाता एक गोष्ट. जंगलाला लागून असलेल्या गावात डिस्टेंपरची लस फक्त कुत्र्यापुरती राहत नाही. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह काही आठवड्यांत मेले, तेव्हा तपासणीत डिस्टेंपरचा विषाणूही सापडला होता. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ आणि माणसं किती जवळ राहतात हे नागभीडला वेगळं सांगायला नको.

आता बिबट्याचं

जाहिरातीत हा विषय कधीच येत नाही, पण नागभीडकडच्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो. रात्री अंगणातून आवाज येतो, सकाळी साखळी तुटलेली आणि रक्ताचे चार थेंब.

कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे, ही नुसती गावगप्प नाही. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. तिथल्या उसाच्या शेतांत राहणाऱ्या बिबट्यांच्या पोटात गेलेल्या एकूण खाद्यात वजनाने जवळपास ३९ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्या त्यांच्यापेक्षा बऱ्याच मागे होत्या. घोडाझरी अभयारण्य २०१८ मध्ये जाहीर झालं ते नागभीडच्या शेजारीच. इथे जंगल आहे, रानातली शिकारही आहे, त्यामुळे अकोल्याचे आकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण घराबाहेर बांधलेला कुत्रा बिबट्याला सोपा पडतो, हे दोन्हीकडे सारखंच.

सरकारी मदतीचं काय? वन्यप्राण्याने गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी मारली तर वनविभागाकडून नुकसानभरपाई मिळते. त्यात कुत्र्याचं नाव नाही, कारण कुत्रा पशुधनात मोजला जात नाही. म्हणजे राहिला विमा.

विम्याच्या कागदात अपघाताची व्याख्या अशी असते, की अचानक, अनपेक्षितपणे, इच्छेविरुद्ध घडलेली आणि बाहेरच्या, दिसणाऱ्या, हिंसक कारणाने झालेली घटना. बिबट्याचा हल्ला यात अगदी चपखल बसतो. त्यामुळे कुत्रा जखमी होऊन वाचला, त्याला टाके पडले, नागपूरला भरती करावं लागलं, तर मूळ कव्हरमधून पैसे मिळण्याची बाजू भक्कम आहे. बिबट्याचे दात मानेत खोल गेलेले असतात, वरून जखम लहान दिसते आणि आत पू होतो. अशा केसमध्ये बिल पंचवीस-तीस हजारांपर्यंत सहज जाऊ शकतं. इथे पॉलिसी खरंच कामाला येते.

पण कुत्रा वाचला नाही तर? मृत्यूचं कव्हर घेतलेलं असेल तर कंपनी मागते मृत्यूचा दाखला, बऱ्याचदा शवविच्छेदनाचा अहवाल, आणि मेलेल्या कुत्र्याचे फोटो. आणि बिबट तर कुत्रा उचलून घेऊन गेला. शव नाही, म्हणून दाखला नाही, म्हणून क्लेम नाही.

बरं, मग चोरी किंवा हरवण्याच्या कव्हरमधून मागावं का? त्यासाठी पोलिसांत तक्रार लागते, शोध घेतल्याचा पुरावा लागतो, ठराविक दिवस वाट बघावी लागते. शिवाय कुत्रा मोकळा सोडला होता का, कुंपण होतं का, हे विचारलं जातं. आणि मुळात कुत्रा चोरीला गेलेला नाही आणि वाट चुकलेलाही नाही, हे मालकालाही माहीत असतं. पोलिसांत चोरीची खोटी तक्रार देणं हा तर वेगळाच गुन्हा. थोडक्यात, या भागातली सगळ्यात मोठी भीती पॉलिसीच्या दोन कव्हरांच्या मधल्या फटीत पडते.

यावर पूर्ण उपाय नाही, पण काही करता येतं. पॉलिसी घेण्याआधी कंपनीला ईमेलवर दोन प्रश्न विचारायचे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यातला मृत्यू कव्हर होतो का, आणि शव सापडलं नाही तर कोणता पुरावा चालेल? फोनवर एजंट काहीही म्हणेल, लेखी उत्तर महत्त्वाचं. आणि घटना घडलीच, तर सकाळी अंगण झाडायच्या आधी फोटो काढायचे. पाऊलखुणा, ओढत नेल्याचा माग, तुटलेली साखळी, पट्टा. वनरक्षकाला कळवून पाहणीची लेखी नोंद मागायची. कुत्र्याची भरपाई नसली तरी बिबट गावात आल्याची माहिती वनविभागाला हवीच असते. आसपासच्या झुडपात अवशेष सापडले तर पशुवैद्यकाला बोलावून तिथेच तपासणी करून घ्यायची. मात्र एकट्याने मागावर जायचं नाही, बिबट भक्ष्याजवळच असू शकतो.

सापाचंही असंच. धानाच्या पट्ट्यात नाग, मण्यार, घोणस यांच्याशी कुत्र्याची गाठ पडतेच. सर्पदंश काही पॉलिसींत अपघात धरला जातो, काहींत विषबाधेच्या कलमात जातो. कोणत्या कलमात आहे, हे आधी शोधून ठेवायचं. कारण दंश झाल्यावर वेळ असतो तो फक्त दवाखाना गाठायला.

मग घ्यायचा की नाही?

स्वीडनमध्ये १९२० च्या दशकापासून कुत्र्यांचा विमा काढतात आणि आज तिथल्या बहुसंख्य कुत्र्यांचा विमा आहे. तिथे ते परवडतं, कारण एका ऑपरेशनचं बिल माणसाच्या महिन्याच्या पगाराला भिडतं. नागभीडमध्ये गणित वेगळं आहे. सरकारी दवाखान्यात नाममात्र शुल्क आहे, खासगी डॉक्टरची फी शहराच्या मानाने कमी आहे, आणि नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, जिथे खासगी हॉस्पिटलपेक्षा खर्च बराच कमी येतो. बिलं लहान असतील तर विम्याची गरजही लहान.

वरच्या उदाहरणातले ५,००० रुपये दरवर्षी धरले, तर सहा वर्षांत ३०,००० रुपये होतात. हेच पैसे टपाल खात्याच्या आरडीत महिन्याला चारशे-सव्वाचारशेप्रमाणे टाकले, तर ते ओपीडीला चालतात, गाडीभाड्याला चालतात, लसीला चालतात आणि क्लेम फॉर्म भरावा लागत नाही. आरडीचा एकच तोटा, पहिल्याच वर्षी कुत्र्याचा पाय गाडीखाली आला तर तिच्यात पाचच हजार असतात.

वयाचाही हिशोब धरायला हवा. नवीन पॉलिसी घेण्यासाठी वयाची कमाल मर्यादा असते. बजाजच्या पॉलिसीत ती ग्रेट डेन, सेंट बर्नार्डसारख्या अवाढव्य जातींसाठी ४ वर्षं आणि बाकीच्यांसाठी ७ वर्षं अशी ठेवली गेली. पुढे ठराविक वयानंतर नूतनीकरणही थांबतं. किडनी, हृदय, गाठी ही दुखणी येतात नेमकी म्हातारपणी. म्हणजे सगळ्यात मोठ्या खर्चाच्या वयात पॉलिसी हात सोडते. त्यामुळे कुत्रा आठ वर्षांचा झाला, आता काळजी वाटते, विमा काढू, हा विचार बहुधा उशिराचा असतो.

घरात गावठी कुत्रा आहे, लसी वेळेवर होतात, रात्री तो आत किंवा पक्क्या जाळीच्या पिंजऱ्यात झोपतो, अशा घराने हप्ता भरण्यापेक्षा आरडी उघडावी. अंगणातला पिंजराही चार बाजू आणि वरून जाळी, असा बांधून घ्यावा. बिबट भिंत चढतो, म्हणून वरची जाळी महत्त्वाची. एक वर्षाच्या हप्त्यात थोडी भर घालून तो होतो, आणि जे संकट पॉलिसीच्या फटीत पडतं तेच तो अडवतो.

लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर असा मोठा कुत्रा आहे, वय तीन वर्षांच्या आत आहे, अडचण आली की नागपूरला नेण्याची तयारी आहे आणि एकदम तीस-चाळीस हजार काढणं जड जाणार आहे, अशांनी मूळ कव्हर घ्यावं. चोरी, ओपीडी, अंत्यविधी असली जोडकव्हरं सोडून द्यावीत.

एक जोडकव्हर मात्र मोठ्या कुत्र्याच्या मालकाने नक्की बघावं, ते म्हणजे तिसऱ्या व्यक्तीच्या इजेचं. कुत्रा कुणाला चावला, दुचाकीच्या मागे धावला आणि माणूस पडून पाय मोडला, तर उपचाराची आणि नुकसानीची मागणी मालकाकडे येते. ती रक्कम कुत्र्याच्या कुठल्याही आजारापेक्षा मोठी होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड विमा भरत नाही, कैद तर नाहीच. पण समोरच्याला द्यावी लागणारी नुकसानभरपाई हे कव्हर ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलतं. फक्त त्यातही अट आहे. घरातल्या माणसांना किंवा कुत्र्याची देखभाल करणाऱ्या गड्याला कुत्रा चावला, तर ते तिसरी व्यक्ती धरले जात नाहीत.

क्लेम नाकारला गेलाच, तर कंपनीकडून नकाराचं कारण लेखी घ्यायचं आणि ते पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली आहे हे विचारायचं. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, तिथे काम झालं नाही तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर आणि पुढे विमा लोकपालाकडे दाद मागता येते. लोकपालाकडे जायला वकील लागत नाही, फी लागत नाही. लागतं ते लसीचं कार्ड, केसपेपर, बिलं आणि तो ईमेल, ज्यात पॉलिसी घेण्याआधी बिबट्याबद्दल विचारलं होतं.